बॉक्सची पेस्टिंग पट्टी सारखी सुटते? गम बदलायच्या आधी सुटलेला जोड उलगडून बघा

छोट्या प्रॉडक्टचा बॉक्स छापून येतो, पंचिंग होतं, पेस्टिंग होतं, गठ्ठे घरी येतात तेव्हा सगळं चकाचक असतं आणि मग भरायला घेतल्यावर किंवा दुकानात आठवडाभर उभा राहिल्यावर मागच्या उभ्या कोपऱ्यातला जोड वरच्या टोकाकडून उकलायला लागतो. नाशिकच्या सातपूर, अंबड, सिन्नर या पट्ट्यात सीरम, तेल, मसाला, मनुका असं काही ना काही पॅक करणारे बरेच छोटे उद्योग आहेत, त्यांच्याकडनं ही तक्रार सारखी येते, आणि येते ती बहुतेक वेळा "गम हलका निघाला" अशीच येते. मग गम बदलला जातो, पुढचा लॉट थोडा बरा वाटतो, त्याच्या पुढचा परत सुटतो. मी डायलाइन, म्हणजे बॉक्स कुठे कापायचा आणि कुठे वळवायचा याचा सपाट आराखडा, काढायचं काम करतो त्यामुळे असे सुटलेले बॉक्स हातात घेऊन बघायची सवय आहे, आणि माझं स्पष्ट मत आहे की यातले बरेचसे जोड गमामुळे सुटत नाहीत, ते फाइलमध्ये आणि बोर्ड कापणाऱ्या डायमध्येच सुटायचे ठरलेले असतात. म्हणून इथे फक्त पेस्टिंग पट्टी या एकाच गोष्टीबद्दल लिहितो.

आधी बॉक्स कसा जुळतो ते डोळ्यासमोर आणू. डायलाइन छापील बाजू वर ठेवून बघितली तर डावीकडे पेस्टिंग पट्टी, मग पहिली, दुसरी, तिसरी, चौथी बाजू, आणि मध्ये चार उभ्या क्रीझ, म्हणजे दाबून पाडलेल्या घडीच्या रेषा. पेस्टिंगच्या वेळी पट्टी आत जाते आणि चौथी बाजू तिच्यावर येऊन बसते. म्हणजे गम लागतो तो पट्टीच्या छापील बाजूवर, आणि चिकटतो चौथ्या बाजूच्या आतल्या, न छापलेल्या पाठीला. हे एकदा लक्षात आलं की अर्धं कोडं सुटतं, कारण पट्टीची छापील बाजू म्हणजे तीच बाजू जिच्यावर शाई, वार्निश आणि लॅमिनेशन चढलेलं असतं.

आता सुटलेला जोड. नवीन गमाची बरणी आणायच्या आधी पाच-सहा सुटलेले बॉक्स घ्या, जोड पूर्ण उलगडा आणि उजेडात तिरपे धरून दोन्ही पृष्ठभाग बघा.

बोर्डाचे तंतू फाटून आलेत का हे पहिलं बघायचं. ग्रे बॅक डुप्लेक्स असेल तर पट्टीवर चौथ्या बाजूचा करडा थर चिकटून आलेला दिसेल. असं असेल तर गमाने त्याचं काम केलंय, बोर्डच फाटलाय, आणि मग कारण बोर्डात, क्रीझमध्ये किंवा बॉक्स आतून जास्त ताणला जातोय यात शोधायचं. तंतू अजिबात फाटलेले नाहीत आणि गमाची पारदर्शक, सेलोटेपसारखी फिल्म चौथ्या बाजूच्या पाठीवर राहिलीय, पट्टी मात्र स्वच्छ आणि गुळगुळीत आहे, तर गम पट्टीला धरलाच नाही. म्हणजे पट्टीवर वार्निश किंवा लॅमिनेशन आहे. याच्या उलट, गम पट्टीवर आहे पण चौथ्या बाजूची पाठ कोरडी आहे, तर गम लावून ठेवला आणि दाबेपर्यंत तो सुकत आला किंवा दाबलाच नीट नाही. हा तिसरा प्रकार पेस्टिंगच्या टेबलावरचा, बाकीचे दोन त्याच्या आधीचे.

पट्टीवर काही थर आहे का याची शंका असेल तर पाण्याचा एक थेंब टाका. उघड्या बोर्डावर थेंब हळूहळू पसरतो आणि थोड्या वेळात खालचा भाग ओलसर दिसायला लागतो. लॅमिनेशन फिल्मवर थेंब मण्यासारखा उभा राहतो आणि पुसला की काहीच झालं नाही असं दिसतं.

एक केस घेऊ. सातपूरच्या एका उद्योजकाचं केसांचं सीरम, ३० मिलीची काचेची ड्रॉपर बाटली, व्यास ३३ एमएम, ड्रॉपरसकट उंची १०२. बॉक्स वर-खाली टक होणारा साधा उभा. सुरुवातीचा लॉट वार्निशवर होता तेव्हा काही त्रास नव्हता, मग ब्रँड जरा प्रीमियम दिसावा म्हणून मॅट लॅमिनेशन केलं आणि तेव्हापासून जोड सुटायला लागले. गंगापूर रोडवरच्या दुकानातनं बॉक्स परत यायला लागले तेव्हा ते माझ्याकडे पिशवीभर बॉक्स घेऊन आले, "दादा, तीन प्रकारचे गम वापरले, आता कुठला आणू?" जोड उलगडला तर पट्टी आरशासारखी स्वच्छ, आणि चौथ्या बाजूच्या आत गमाची अख्खी पट्टी जशीच्या तशी. प्रेसला दिलेली फाइल वार्निशच्या वेळचीच होती, फक्त ऑर्डरमध्ये वार्निशच्या जागी मॅट लॅम असं लिहिलं होतं.

पाण्यावर आधारलेला जो पांढरा गम आपण वापरतो तो कागदाच्या तंतूंमध्ये शिरून धरतो. लॅमिनेशनची बीओपीपी फिल्म म्हणजे प्लॅस्टिक, तिच्यात शिरायला जागाच नाही, गम वरच्यावर सुकतो आणि नखाने सोलून निघतो. वार्निशच्या वेळी प्रेसवाला पट्टीची जागा वार्निश लावणाऱ्या रबरी ब्लँकेटमध्ये कापून मोकळी ठेवू शकतो, लॅमिनेशन मात्र रोलवरनं अख्ख्या शीटवर चढतं, पट्टी सोडून चढव असं सांगता येत नाही. (अपवाद एकच, सगळे बॉक्स एकाच ओळीत असतील आणि पट्ट्या शीटच्या कडेला येत असतील तर कमी रुंदीचा फिल्म रोल लावून कडेची पट्टी मोकळी ठेवता येते, पण छोट्या बॉक्सला एका शीटवर एकच ओळ कोण लावणार.) म्हणजे फिनिश बदलला तर जोडाचा विचार नव्याने करावा लागतो, आणि नेमकं तेच होत नाही.

लॅमिनेशन पाहिजेच असेल तर मार्ग कोणते. एक म्हणजे डायमध्येच पट्टीवर परफोरेशन रूल, म्हणजे तुटक कापणाऱ्या पात्या, टाकायच्या, क्रीझला समांतर दोन किंवा तीन ओळी, म्हणजे पंचिंगच्या वेळी फिल्म जागोजागी फाटते आणि त्या फटींतून गम तंतूंपर्यंत पोचतो. यात जोड उघड्या बोर्डाइतका मजबूत होत नाही पण छोट्या हलक्या बॉक्सला पुरतो. त्रास एवढाच की गम जास्त झाला तर तो फटीतून पट्टीच्या मागे उतरतो आणि घडी घातलेला बॉक्स आतून चिकटून बसतो, उघडायला गेलं की फाटतो. म्हणून परफोरेशन असेल तर गम पातळ थरातच लावायचा, हे पेस्टिंगवाल्या ताईंना सॅम्पल दाखवून सांगायचं. दुसरा मार्ग फिल्मला धरणारा खास गम, बाजारात लॅमिनेशन गम म्हणून मागितला की मिळतो, पण तो सुद्धा फिल्मचा वरचा पृष्ठभाग ट्रीटेड, म्हणजे गम धरेल असा तयार केलेला, असेल तरच नीट धरतो. लॅमिनेशनवाल्याकडे हे तपासायचं डाइन पेन असेल तर ३८ नंबरच्या पेनाने पट्टीवर रेघ मारून बघायची, रेघ सलग राहिली तर ठीक, थेंबथेंब होऊन आक्रसली तर तो गम सुद्धा सुटणार.

आणि तिसरा मार्ग, जो मी शक्यतो सुचवतो, तो म्हणजे लॅमिनेशन सोडून मॅट कोटिंग करणं, ज्यात पट्टी मोकळी ठेवता येते. हातात घेतल्यावर फिल्मचा तो मऊपणा येत नाही हे खरंय, पण सीरमच्या बॉक्ससाठी जोड टिकणं जास्त महत्त्वाचं. या केसमध्ये आम्ही हेच केलं. मात्र कोटिंगवर गेल्यावर काम आपोआप होत नाही, मोकळी जागा नेमकी कुठे आणि किती हे फाइलमध्ये काढून द्यावं लागतं, नाहीतर प्रेसवाला अंदाजाने ब्लँकेट कापतो किंवा कापतच नाही.

मापं सांगतो. बाटली ३३ ची, म्हणून आतली जागा ३५ बाय ३५ आणि उंची १०४ धरली. बोर्ड ०.४० एमएम जाडीचा, त्यामुळे क्रीझ ते क्रीझ ३५.५ ठेवलं, पहिली, दुसरी, तिसरी बाजू ३५.५ आणि चौथी बाजू ३५. चौथी अर्ध्या एमएमने कमी का, तर तिची एक कड मोकळी असते आणि ती कोपऱ्यावर येऊन थांबते. ती पूर्ण मापाची ठेवली तर कड कोपऱ्याच्या बाहेर डोकावते, बॉक्स बॉक्सला घासला, पिशवीत टाकला की तीच कड अडकते आणि जोड तिथूनच उकलायला सुरुवात होते. पट्टी १२ एमएम घेतली. एकूण आडवं माप १५३.५. पट्टीची दोन्ही टोकं तिरकी पाहिजेत, साधारण १५ अंश, आणि क्रीझपाशी सुद्धा वरून-खालून एकेक एमएम आत. टोकं सरळ ठेवली तर डस्ट फ्लॅप, म्हणजे झाकणाखाली येणारा बाजूचा कान, आत वळताना पट्टीच्या टोकाला धडकतो आणि रोज उघड-बंद करताना जोडाला आतून ढकलत राहतो. वरच्या टोकाकडूनच जोड उकलतोय अशी तक्रार असेल तर आधी हे बघा.

आता या १२ एमएमपैकी गमाला खरंच किती मिळतात? चौथी बाजू अर्धा एमएम कमी असल्यामुळे कोपऱ्यात पट्टीची बारीक रेघ बाहेरून दिसते, ती पांढरी दिसू नये म्हणून पहिल्या बाजूचा रंग क्रीझ ओलांडून पट्टीवर थोडा न्यावा लागतो. तो किती न्यायचा यावर बरंच अवलंबून आहे. बरेच डिझायनर सवयीने सगळीकडे ३ एमएम ब्लीड, म्हणजे रेषेच्या बाहेर नेलेला जादा रंग, देतात, इथे पण ३ देतात आणि वार्निश पण तेवढंच नेतात. मग गम क्रीझपासून ३ एमएम सोडून पुढेच धरतो, आणि चौथ्या बाजूची मोकळी कड अडीच एमएमपर्यंत सुटीच राहते. ती कड नखात येते, गिऱ्हाईक सहज चाळा म्हणून ती उचकतं. मी पट्टीवर रंग दीड ते दोन एमएमच नेतो आणि वार्निश त्याच्याही आत, एक एमएमवर थांबवतो. पंचिंगचं रजिस्टर, म्हणजे छपाई आणि कापणीची जुळणी, अर्धा एमएम हललं तरी यात भागतं. एक एमएमपेक्षा जास्त हलणारं मशीन असेल तर मात्र रंग अडीचपर्यंत न्यावा लागतो, तिथे प्रेसवाल्याला आधी विचारून घ्यायचं.

दुसरं एक कारण डिझायनरला स्वतःच्या स्क्रीनवर कधीच दिसत नाही, कारण ते शीटवर बॉक्स लावताना तयार होतं. बोर्ड वाचवायला बॉक्स एकमेकांना खेटून लावतात, एकाची चौथी बाजू आणि शेजारच्याची पट्टी यांच्यात एकच कटिंग रूल. चौथ्या बाजूचा ब्लीड मग जातो कुठे, तर सरळ शेजारच्याच्या पट्टीवर. ३ एमएम रंग, त्याच्यावर वार्निश. म्हणजे १२ एमएमच्या पट्टीतनं एका कडेने दोन गेले, दुसऱ्या कडेने तीन, आणि गमासाठी राहिले सात, त्यातही पेस्टिंगवाल्याचा ब्रश कुठे फिरेल ते वेगळं. गंमत म्हणजे सॅम्पलसाठी एकटा बॉक्स कापला तर त्यात हे येत नाही, सॅम्पल छान चिकटतो आणि लॉट सुटतो. सुटलेल्या पट्टीच्या मोकळ्या कडेला परक्या रंगाची रेघ दिसली तर हेच झालंय असं समजा. उपाय दोन, शीटवर दोन बॉक्समध्ये ५-६ एमएम फट ठेवून दोन वेगळे रूल टाकायचे, किंवा बोर्ड वाया घालवायचा नसेल तर चौथ्या बाजूचा ब्लीड त्या एका कडेला एक एमएमवर आणायचा आणि वार्निशची मोकळी जागा पट्टीच्या कडेपर्यंत पूर्ण काढायची.

फाइलमध्ये हे कसं द्यायचं. कोरलमध्ये करा नाहीतर इलस्ट्रेटरमध्ये, कटिंग, क्रीझ आणि वार्निश असे तीन वेगळे लेयर आणि तिन्हींना वेगळे स्पॉट कलर. मी नावं अशी ठेवतो:

```
CUT
CREASE
VARNISH
```

तिन्ही ओव्हरप्रिंटवर ठेवायचे, नाहीतर खालच्या आर्टवर्कमध्ये त्यांच्या जागी पांढऱ्या रेघा पडतात. VARNISH लेयरमध्ये जिथे वार्निश पाहिजे तिथे भरलेला आकार, आणि पट्टीची जागा खरोखर कापून मोकळी, नुसता पांढरा चौकोन वर ठेवायचा नाही, कारण प्लेट काढताना तो चौकोन उडतो. आर्टवर्कमध्ये पट्टीवर मोठ्या अक्षरात "इथे शाई, वार्निश नको" असं लिहून ते छापू द्यायचं का असं कोणी विचारतं, तर नको, ती अक्षरं पण शाईच आहेत. ते लेबल CUT लेयरवर लिहा, जो छापायचा नाही.

हे सगळं करूनही सीरमच्या बॉक्सचे थोडे जोड पुढच्या लॉटमध्ये परत उकलले, आणि या वेळी उलगडल्यावर दृश्य वेगळं होतं. तंतू फाटलेले होते, पण फक्त वरच्या-वरच्या थराचे, आणि सुरुवात प्रत्येक वेळी कोपऱ्यालगतच्या कडेपासून. हे क्रीझचं लक्षण. कसं ते बघा. पेस्टिंग करताना बॉक्स सपाट असतो, दुसऱ्या आणि चौथ्या क्रीझवर घडी पडते, पट्टीची क्रीझ मात्र तेव्हा वळलेलीच नसते, पट्टी पहिल्या बाजूच्या सरळ रेषेत पडून असते. ती पहिल्यांदा वळते तेव्हा, जेव्हा भरणारी बाई बॉक्स चौकोनी उभा करते. ती क्रीझ ताठ असेल तर पट्टी परत सरळ व्हायला बघते, आतून चौथ्या बाजूला रेटते आणि जोड कोपऱ्यालगत ओढला जातो. त्यामुळेच गठ्ठ्यात एकही जोड सुटलेला दिसत नाही आणि भरायला घेतलं की सुटायला लागतात.

क्रीझ तपासायची सोपी रीत अशी की न चिकटवलेला पंच केलेला बॉक्स घ्या आणि पाठीकडून बघा. छापील बाजूला खाच आणि पाठीला सलग, गोल, फुगीर रेघ दिसली पाहिजे. वळवल्यावर ती रेघ घडीच्या आत नीट गोळा होते. पाठीला रेघ जेमतेम जाणवत असेल, बोट फिरवलं तर सपाट लागत असेल, तर बोर्ड नुसता दाबला गेलाय, त्याचे थर आतून मोकळे झालेले नाहीत. उलट छापील बाजूने रंग तडकत असेल तर मॅट्रिक्सची, म्हणजे क्रीझ रूल बोर्डाला जिच्यात दाबतो त्या पट्टीची, खाच जास्त अरुंद आहे किंवा दाब जास्त झालाय. नव्वद अंशात वळवून सोडून द्या, लगेच उघडून सरळ व्हायला धावली तर ती क्रीझ जोडाला ओढणारच.

आमच्या लॉटमध्ये झालं असं की बोर्ड बदलला होता. पहिले लॉट ३०० जीएसएम डुप्लेक्सवर, जाडी ०.४०. या वेळी आत पांढरं दिसावं म्हणून ३०० जीएसएम एफबीबी, म्हणजे फोल्डिंग बॉक्स बोर्ड, घेतला, आणि जीएसएम तेच आहे म्हणून डाय, मॅट्रिक्स सगळं तेच चढवलं. एफबीबी त्याच वजनात जास्त फुगीर असतो, मायक्रोमीटरने मोजला तर ०.४८ भरला. जीएसएम म्हणजे वजन, क्रीझला घेणं-देणं आहे ते जाडीशी. मॅट्रिक्सच्या खाचेची रुंदी ठरवायचा ढोबळ हिशोब असा, आणि खाचेची खोली बोर्डाच्या जाडीइतकी:

```
खाच = क्रीझ रूलची जाडी + १.५ × बोर्डाची जाडी
डुप्लेक्स: ०.७१ + १.५ × ०.४० = १.३१  (मॅट्रिक्स १.३)
एफबीबी:  ०.७१ + १.५ × ०.४८ = १.४३  (मॅट्रिक्स १.४)
```

०.७१ म्हणजे नेहमीचा २ पॉइंटचा रूल. क्रीझ रूलची उंची पण बदलते, कटिंग रूल २३.८ चा असतो, त्यातून बोर्डाची जाडी वजा करायची, म्हणजे ०.४० ला २३.४ आणि ०.४८ ला २३.३ च्या आसपास. हा हिशोब सुरुवातीचा आहे, शेवटची मापं मशीनवर दोन-चार शीट मारूनच पक्की होतात, आणि डाय मेकर तुमच्या बोर्डाचा तुकडा मागत असेल तर तो काम जाणणारा माणूस आहे, द्या त्याला. या केसमध्ये मॅट्रिक्स १.४ चं लावलं, डायमधले क्रीझ रूल बदलले आणि कोपरे उकलायचे थांबले. जिथे जुनं मॅट्रिक्स बऱ्याच लॉटनंतर दबून सपाट झालेलं असतं तिथेही अगदी हीच लक्षणं दिसतात, बोर्ड न बदलता सुद्धा, म्हणून प्रत्येक रीप्रिंटला ते बोटाने चाचपून बघायला सांगा.

ग्रेनचं, म्हणजे बोर्डातले तंतू कोणत्या दिशेला धावतात त्याचं, थोडक्यात सांगतो. उभ्या बॉक्सला बोर्डाचा ग्रेन आडवा, म्हणजे बॉक्सभोवती फिरणारा आणि चार उभ्या क्रीझना काटकोनात ठेवायचा नेहमीचा नियम आहे, त्याने बाजू फुगत नाहीत. शीटवर जास्त बॉक्स बसतात म्हणून कोणी लेआउट नव्वद अंशात फिरवला तर ग्रेन उभा होतो, बाजू पोटासारख्या बाहेर येतात आणि फुगलेली चौथी बाजू जोडाला सतत ओढत राहते. लॉटचे काही बॉक्स फुगलेले आणि काही सरळ असे मिसळून आले असतील तर शीटवर काही बॉक्स आडवे आणि काही उभे लावलेले असण्याची शक्यता जास्त. बोर्ड ओळखायचा असेल तर एका बाजूने हलकं वाकवून बघा, मग दुसऱ्या बाजूने, ज्या दिशेला सहज वळतो त्या घडीला ग्रेन समांतर.

आता टेबलावरचं कारण, म्हणजे गम पट्टीवर आहे आणि चौथ्या बाजूची पाठ कोरडी. नाशिकला हे ऋतूप्रमाणे बदलतं. एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी आणि तापलेली, त्यात डोक्यावर पंखा. ताई एका वेळी वीस-पंचवीस पट्ट्या पायऱ्यांसारख्या पसरवून सगळ्यांना एकदम ब्रश मारतात आणि मग एकेक दुमडत जातात, शेवटच्या पट्टीपर्यंत पोचेस्तोवर गमावर साय धरलेली असते. तेव्हा एका वेळी दहाच पसरवायच्या आणि पंखा टेबलावर येऊ द्यायचा नाही. डिसेंबर-जानेवारीत निफाड-पिंपळगावच्या बाजूला पहाटे जी थंडी पडते तेव्हा उलटं होतं, गार शेडमध्ये पांढरा गम पारदर्शक सुकायच्या ऐवजी खडूसारखा पांढरा आणि भुसभुशीत सुकतो, त्याला ताकद नसते. उलगडलेल्या जोडात गम पांढरी पूड होऊन निघत असेल तर हेच. गमाचा डबा आणि बोर्डाचे गठ्ठे दोन्ही कोवळ्या उन्हात किंवा उबदार खोलीत ठेवून, ऊन वर आल्यावरच पेस्टिंगला बसायचं. पावसाळ्यात बोर्ड आधीच ओलसर असतो, गम सुकायला वेळ लागतो, म्हणून दाब जास्त वेळ ठेवायचा. दाब का लागतो तेही सांगतो, सपाट घडी घातल्यावर दुसरी आणि चौथी क्रीझ परत उघडायला बघतात आणि ओला जोड वर उचलतात. गठ्ठ्यावर फळी आणि वजन, किमान गम धरेपर्यंत, आणि तो अख्खा दिवस बॉक्स भरायला न घेणं हे उत्तम.

छापलेला, लॅमिनेट झालेला, पंच झालेला माल घरात पडलाय आणि पट्टी चिकटत नाही, तर तो रद्दीत घालायच्या आधी एक करून बघा. बॉक्स पायऱ्यांसारखे असे पसरवा की फक्त पट्ट्या उघड्या राहतील, वरच्या बॉक्सच्या कडेला पत्र्याची पट्टी दाबून धरा म्हणजे छापील बाजूला ओरखडा जाणार नाही, आणि १२० नंबरच्या पॉलिश पेपरने पट्ट्या एकाच दिशेने घासा. चमक जाऊन तंतू दिसायला लागले की थांबा. धूळ ब्रशने पूर्ण झटका, ती राहिली तर गम धुळीलाच चिकटतो. हे काम वेळखाऊ आहे, हजार-दोन हजार बॉक्सपर्यंत परवडतं, त्याच्या वर मजुरी नवीन छपाईच्या जवळ जायला लागते. घासणं शक्य नसेल तर लॅमिनेशन गम लावून थोडे बॉक्स चिकटवून बघा, पण लगेच ओढून खूश होऊ नका.

तपासणी कशी करायची तर चिकटवलेले बॉक्स एक रात्र वजनाखाली ठेवायचे, सकाळी खरी बाटली भरून उभे करायचे, निम्मे बॉक्स उन्हात तापणाऱ्या पत्र्याच्या शेडमध्ये किंवा बंद गाडीत दिवसभर ठेवायचे आणि निम्मे सावलीत. दुसऱ्या दिवशी दोन्हीकडचे जोड कोपऱ्याकडून सावकाश ओढून उलगडायचे. दोन्हींत तंतू फाटले तर लॉट सोडा. सावलीतल्यात फाटले आणि गाडीतल्यात गम फिल्मसारखा सोलून आला, तर तो जोड मेमध्ये ट्रान्सपोर्टच्या टेम्पोत टिकणार नाही, मग पट्टी घासणं किंवा परफोरेशन याला पर्याय नाही.

रीप्रिंटची ऑर्डर देताना आम्ही आता बोर्डाचं नाव आणि जीएसएमच्या पुढे मोजलेली जाडी लिहितो, फिनिशच्या पुढे "पट्टी मोकळी" असं लिहितो, आणि डायवर मार्करने मॅट्रिक्सचं माप लिहून ठेवतो. सीरमवाल्यांच्या डायवर तसं १.४ लिहिलेलं आहे. परवा त्यांच्याच ५० मिलीच्या बाटलीसाठी जाड बोर्ड घ्यायचं चाललंय असं कळलं, तर त्यांना पहिला निरोप हाच गेला की बोर्डाचा तुकडा मोजून येईपर्यंत डाय बनवायला टाकू नका.